पंधराव्या वर्षीची रक्तवाहिनी

शाळेच्या परिपाठात आहारावर बोलायला बोलावलं, की मी हार्ट अटॅकपासून सुरुवात करत नाही. नववी-दहावीच्या मुलांना तो आजोबांचा आजार वाटतो. मी त्यांना कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांबद्दल सांगते.

अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी अशा ३०० सैनिकांची हृदयं तपासली आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. सरासरी वय होतं बावीस. सगळे धडधाकट ठरवून लढाईवर पाठवलेले. तरीही शंभरातल्या ७७ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. कुठे धमनीचं अस्तर जरासं जाड झालेलं, तर कुठे वाट बरीच अरुंद झालेली.

मग याची सुरुवात होते तरी कधी? त्याचं उत्तर लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या गावातून आलं. डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७०च्या दशकात तिथल्या मुलांचं वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी मोजायला घेतली आणि ते काम वर्षानुवर्षं चालू ठेवलं. त्यांपैकी काही जण पुढे तरुणपणीच, बहुतेक करून अपघातात, दगावले. अशा २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. दोन ते पंधरा वर्षं वयाच्या निम्म्या मुलांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचे पिवळसर पट्टे होते. वजन, रक्तदाब, एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांतलं काहीच वाढलेलं नव्हतं, त्यांच्या धमन्यांचा जेमतेम १.३ टक्के भाग या पट्ट्यांनी व्यापलेला होता. तीन-चार गोष्टी वाढलेल्या होत्या, त्यांचा ११ टक्के. म्हणजे पट्टे अनेकांत असतात, पण ते किती पसरणार हे बरंचसं या मोजमापांवर ठरतं.

पट्टा तयार कसा होतो, ते मुलं फार लक्ष देऊन ऐकतात. धमनीला आतून पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर असतं. रक्तात एलडीएलचे कण जास्त झाले की ते या अस्तराखाली शिरून अडकतात आणि खराब होतात. शरीराच्या सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच बसून राहतात. हाच तो पिवळा पट्टा. तो दुखत नाही, दम लागत नाही, ईसीजीतही दिसत नाही. या टप्प्यावर तो विरूही शकतो. मात्र वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं तर त्यावर तंतूंचं कठीण कवच चढतं आणि मग तो सहजासहजी जात नाही.

आता मधल्या सुट्टीकडे येऊ. वेफर्सच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत बऱ्याचदा पामोलिन तेल लिहिलेलं असतं. त्यात संपृक्त चरबी भरपूर असते. ती रोज पोटात गेली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं आणि ते फिरत राहतं. कोल्ड्रिंकचा हिशोब मी मुलांकडूनच फळ्यावर करून घेते. १०० मिलीत साधारण साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे ६०० मिलीच्या बाटलीत ६३ ग्रॅम. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर बारा चमचे भरून वर थोडी उरते. एवढी साखर नेहमी पोटात जाऊ लागली की यकृत तिच्यातल्या काही भागाची चरबी बनवतं आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. बारीक अंगाच्या मुलांनी यातून स्वतःला वगळू नये. रक्तातली चरबी कपड्यांच्या मापावरून कळत नाही.

बसून राहण्याचा परिणाम तर तासांत दिसतो. रक्त जोरात वाहिलं की अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि धमनी सैल होते. कॅनडात दहा वर्षांच्या आतल्या-बाहेरच्या मुलींना सलग तीन तास बसवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायातल्या धमनीची फैलावण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने घटली. दर तासाला दहा मिनिटं सायकल चालवायला लावली, तेव्हा ती घट झाली नाही. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावर मोठा निष्कर्ष मी उभारत नाही. पण शाळा, क्लास आणि मोबाइल या तिन्हींत मिळून आपली मुलं रोज किती तास बसतात, ते घरी एकदा मोजून पाहा. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते.

घरात कोणाला तरुणपणीच हार्ट अटॅक आला असेल, तर मुलाची कोलेस्टेरॉलची तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करा. काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच जास्त असतं आणि तिथे नुसता आहार पुरत नाही.

मुख्याध्यापकांना माझं दोनच गोष्टींचं मागणं आहे. अति चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने बंदी आहे. ती पाळली जाते का, हे स्वतः फाटकावर जाऊन बघा. आणि दहावीचा पोर्शन मागे पडला म्हणून पी.टी.चा तास गणिताला देऊ नका.