वहीतले तास, तक्त्यातला आठवडा

रायपूरच्या चौबे कॉलनीत घरगुती डबे करून देणाऱ्या एका काकूंची वही उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर आणू. पहाटे उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय केले आणि किती वाजता, हे त्या ओट्याशेजारी ठेवलेल्या दोनशेपानी वहीत लिहितात. एका दिवसाला एक पान. डब्याचा दर ठरवताना आपले नेमके किती तास त्यात जातात, हे त्यांना पाहायचे आहे. आठवड्याच्या शेवटी पुण्याच्या भाचीला सात पानांचे सात फोटो जातात आणि तिने त्यांतून एक लहानसा तक्ता काढून द्यायचा असतो. काम बेरजेचे दिसते, पण चुकते ते बहुधा बेरजेच्या आधी. वाचणे, खाते ठरवणे आणि बेरीज करणे ही तीन कामे एकाच वेळी डोक्यात केली, की आकडा कुठे बिघडला ते नंतर सापडत नाही. म्हणून ती वेगवेगळी करायची, याच क्रमाने.

आधी फोटो. पान सपाट करून, खिडकीच्या उजेडात, मोबाइल पानाच्या बरोबर वर धरून काढावा. फ्लॅश नको, कारण चकचकीत शाईवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि नेमका एखादा आकडा त्यात जातो. पानाचे चारही कोपरे आणि वरची तारीख दिसलीच पाहिजे. तारीख कापली गेली, तर सात फोटोंतला बुधवार कुठला आणि गुरुवार कुठला हे अक्षरावरून कळत नाही.

मग वाचन. प्रत्येक नोंदीची एक ओळ करायची: तारीख, सुरुवात, शेवट, काकूंचे मूळ शब्द जसेच्या तसे, आणि पुढे खात्यासाठी एक रिकामा रकाना. मूळ शब्द गाळू नयेत. ‘भाजी आणली’ याऐवजी वाचता वाचताच ‘घरकाम’ लिहून टाकले, की तो निर्णय चुकला होता का हे पुन्हा तपासता येत नाही आणि फोटो परत उघडावा लागतो.

आकड्यांत खरी मेख असते ती मिश्र अंकांची. रायपूरमध्ये मराठी आणि हिंदी देवनागरीत लिहायची आणि हिशेब इंग्रजी अंकांत करायचा, ही सवय घरोघरी असते, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही अंक येतात. घाईत लिहिलेला देवनागरी चार वरून जरा मिटला, की इंग्रजी आठ दिसतो, आणि देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. कुठे ‘पावणे ५’ लिहिलेले असते आणि ‘पावणे’ पुसट असेल, तर वाचणारा सरळ पाच वाजवतो. सकाळ की संध्याकाळ हे तर कोणी लिहीतच नाही, ते आधीच्या नोंदीवरून ठरवावे लागते. म्हणून तक्त्यात भरताना चोवीस तासांचे घड्याळ वापरावे.

काकूंचा सोमवार घेऊ. सासऱ्यांना घेऊन त्या तीन वाजता दवाखान्यात गेल्या आणि ४.४५ ला परतल्या. पुढची नोंद ४.४५ ते ५.४५, भाजी. पहिल्या ठिकाणचा चार आठ असा वाचला गेला, तर दवाखान्याचे पावणेदोन तास पावणेसहा होतात. इथे दोन गोष्टी बोलतात. एका नोंदीचा शेवट पुढच्या नोंदीच्या सुरुवातीशी जुळत नाही, आणि दिवसाची बेरीज चोवीसऐवजी अठ्ठावीस येते. पण या तपासणीची मर्यादाही ओळखून असावे. ‘८.३० मुलाचा अभ्यास, ९.१५ टीव्ही’ अशी फक्त सुरुवातीची वेळ लिहिण्याची सवय असेल आणि ९.१५ हे ९.४५ वाचले गेले, तर बेरीज तरीही चोवीसच येते. टीव्हीचा अर्धा तास गुपचूप अभ्यासाच्या खात्यात जातो आणि कोणतेही सूत्र ते पकडत नाही. त्यासाठी एकच उपाय आहे: दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी तक्ता समोर ठेवून फोटो पुन्हा वाचणे. शंका असलेल्या आकड्यापुढे खूण करून काकूंना फोनवर विचारावे. अंदाजाने भरलेला आकडा आठवड्यानंतर खराच वाटू लागतो.

दिवस कुठे तोडायचा, हाही प्रश्न आहे. मध्यरात्रीला तोडला, तर उशिरापर्यंत चाललेल्या कामाचे दोन तुकडे होऊ शकतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले, तेव्हा दिवस पहाटे चार ते पुढच्या पहाटे चार असा धरला आणि त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग केले. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत अशीच प्रायोगिक पाहणी झाली होती. त्यांत मध्य प्रदेश होता आणि रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातच होते. चार वाजताचा हा काटा घरच्या वहीलाही चालतो, कारण त्या वेळी बहुतेक माणसे झोपलेली असतात. काकूंच्या सोमवारच्या पानावर चार ते सव्वापाच झोप आहे, आणि शेवटची नोंद रात्री पावणेअकरा ते चार; दुपारची डुलकी वेगळी.

खाती सहा-सात पुरतात, पण ती वाचनाआधी ठरवून एका कागदावर लिहावीत आणि कोणती नोंद कुठे जाते याचे नियमही तिथेच टिपावेत. सरकारी पाहणीत कामांचे नऊ मुख्य विभाग आहेत. त्यांत विकण्यासाठी केलेले काम, घरच्यांसाठीचे विनामोबदला घरकाम आणि घरच्यांची काळजी हे तीन वेगळे धरले आहेत. काकूंना नेमकी तीच फोड हवी आहे. कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाच्या तयारीत गेलेला वेळ विरंगुळ्यात न टाकता वेगळा ठेवणेही याच रीतीला धरून आहे, कारण विनामोबदला स्वयंसेवेला त्या पाहणीत स्वतंत्र विभाग आहे.

अवघड नोंदी दोनच प्रकारच्या. पहिली, दोन कामे एका वेळी: कुकर चढलेला आणि शेजारी मुलाचे पाढे. दोन्हींना पूर्ण अर्धा तास दिला, तर दिवस चोवीस तासांपेक्षा मोठा होतो. सरकारी पाहणीत अशा वेळी त्यांतले मुख्य काम कोणते हे नोंदले जाते. घरच्या तक्त्यातही वेळ मुख्य कामाला द्यावा आणि दुसरे काम शेऱ्यात लिहावे. दुसरी, भाजी आणण्यासारखी सामाईक नोंद. पिशवीतली बहुतेक भाजी डब्यांचीच, म्हणून काकूंनी तो तास डब्यांना दिला. निर्णय त्यांचा, पण तो सातही दिवस सारखाच लागू झाला पाहिजे.

आता बेरीज. वहीत ३.४५ असे लिहिले असले, तरी तो दशांश नाही. सोमवारचे डब्यांचे चार तुकडे आहेत: ३.४५, ०.४५, २.१५ आणि १.००. साध्या कॅल्क्युलेटरवर ते ७.०५ होतात. खरे उत्तर ७ तास ४५ मिनिटे. साठ मिनिटांचा तास शंभराचा धरला गेला आणि चाळीस मिनिटे गळाली, आणि ७.०५ हा आकडा दिसायलाही बिनचूक आहे. म्हणून स्प्रेडशीटमध्ये वेळ विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी आणि इंग्रजी अंकांत भरावी. देवनागरी अंकांतली वेळ तिथे नुसता मजकूर ठरू शकते. A मध्ये तारीख, B सुरुवात, C शेवट, D मूळ शब्द, E खाते, F कालावधी असे रकाने धरले, तर ही सूत्रे पुरतात:

```
F2:  =MOD(C2-B2,1)
G3:  =IF(B3=C2,"","तपासा")
K2:  =SUMIFS(F:F,E:E,J2)
```

पहिले सूत्र मध्यरात्र ओलांडणारी झोपही बरोबर मोजते, दुसरे न जुळणारा सांधा दाखवते आणि तिसरे J2 मध्ये लिहिलेल्या खात्याचे सगळे तास गोळा करते. तिसऱ्याची एक खोड आहे. E मध्ये एकीकडे ‘घरकाम’ आणि दुसरीकडे ‘घर काम’ लिहिले गेले, तर दुसरी नोंद बेरजेत येत नाही आणि तसे कुणी सांगतही नाही. ते कळते शेवटच्या बेरजेवरून, कारण सात दिवसांचे १६८ तास भरत नाहीत.

आणखी एक फसवणूक चोवीस तासांपलीकडच्या बेरजेत होते. वेळेच्या नेहमीच्या मांडणीत चोवीस उलटले, की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. काकूंचे आठवड्याचे घरकाम २७ तास ३० मिनिटे आहे, पण तक्ता ३:३० दाखवतो. एकट्या सोमवारचे घरकामही साडेतीन तासच आहे, म्हणजे चूक डोळ्यांत भरतही नाही. बेरजेच्या रकान्यांची मांडणी `[h]:mm` करावी, मग पूर्ण तास दिसतात.

| खाते | सोमवार | आठवडा |
|---|---|---|
| डब्यांचे काम | ७:४५ | ४५:१५ |
| घरकाम | ३:३० | २७:३० |
| काळजी (मुलगा, सासरे) | २:३० | १४:४५ |
| मंडळ | ०:०० | २:३० |
| विरंगुळा | १:०० | १०:०० |
| झोप | ७:३० | ५२:०० |
| जेवण, आवरणे, पूजा | १:४५ | १३:१५ |
| नोंद नाही | ०:०० | २:४५ |
| एकूण | २४:०० | १६८:०० |

‘नोंद नाही’ ही ओळ काढून टाकण्याचा मोह होतो, कारण ती अपुरी वही दाखवते. ती राहू द्यावी. तो पावणेतीन तासांचा वेळ विरंगुळ्यात ढकलला, तर काकूंना प्रत्यक्षात न मिळालेली विश्रांती कागदावर मिळते. ही ओळ फारच वाढली, दिवसाला दोन-तीन तासांवर गेली, तर मात्र त्या आठवड्याचे इतर आकडेही जपून वापरावेत.

२०१९ च्या पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. काकूंचे घरकाम रोज सरासरी २३६ मिनिटे येते, म्हणून ते कमी आहे असे म्हणता येणार नाही. त्यांच्या ओट्यावरचा मोठा स्वयंपाक डब्यांच्या खात्यात आहे आणि घरासाठीची भाजीही त्याच पिशवीतून येते.

दर ठरवताना दोन आकडे जवळ ठेवावे लागतील. रविवारी डबे बंद असतात, तेव्हा ४५:१५ ला सातने नव्हे, सहाने भागायचे: कामाच्या दिवसाला सुमारे साडेसात तास. आणि भाजीचे आठवड्याचे सहा तास घरकामात टाकले, तर डब्यांचे तास ३९:१५ होतात आणि रोजचे साडेसहाच्या आसपास. एका नोंदीच्या नियमाने रोजचा एक तास इकडचा तिकडे होतो. म्हणून डब्याचा हिशेब मांडताना काकूंनी तक्त्याखालीच लिहून ठेवले आहे: भाजी डब्यांत धरली.