परिपाठातला दोन मिनिटांचा वाद

परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बातम्या झाल्या की संवादाला जेमतेम दोन मिनिटं उरतात. तेवढ्यात दोन मैत्रिणींचा वाद रंगवायचा असेल, तर आधी एक काळजी घ्यावी लागते. नक्कल करणारीला आळशी ठरवायचं नाही. तिची बाजू लंगडी असली की शेवट मुलांना दुसऱ्याच वाक्याला कळतो आणि मागच्या रांगा कुजबुजू लागतात.

विज्ञान प्रदर्शनाचा प्रसंग घेऊ.

सायली : अगं, ज्वालामुखीच करू या. ताईचा पहिला नंबर आला होता. तिची वही घरीच आहे.
रुबिना : आणि खऱ्या ज्वालामुखीत खायचा सोडा असतो का, असं विचारलं तर?
सायली : बघू तेव्हा. चारच दिवस राहिलेत. तुझ्याकडे दुसरं काय आहे?
रुबिना : आमच्या जुन्या माठात पाणी गार होत नाही, नव्यात होतं. असं का?
सायली : माठ तर पुस्तकातही असतो. मग ही नक्कल नाही का?
रुबिना : माठ पुस्तकातला, पण आमचाच माठ का बिघडला, हे पुस्तकात नाही.
सायली : आणि फरक दिसलाच नाही तर?
रुबिना : तर तसंच लिहू. आकडे तर आपले असतील!
सायली : बरं, थर्मामीटर मी आणते. वही मात्र तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.

सायलीचं प्रत्येक म्हणणं खरं आहे. वेळ कमी आहे, वही तयार आहे आणि माठही नवा नाही. तिचा ‘ही नक्कल नाही का?’ हा प्रश्नच वादाचा कणा आहे. विषय जुना असला तरी त्यातला प्रश्न आपला असू शकतो, हे त्याच्या उत्तरातून कळतं. माठाच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. जड पाण्यातल्या क्षारांनी ती छिद्रं बुजली की माठ थंडावत नाही. मुली हे चार दिवसांत तपासू शकतात : दोन्ही माठ एकाच सावलीत ठेवायचे, पाणी एकाच वेळी भरायचं, आणि सकाळी तापमान मोजायचं.

तालमीत एकदा भूमिका बदलून बघा. रुबिना झालेल्या मुलीला सायलीची बाजू तितक्याच जोरात मांडता आली नाही, तर ती वाक्यं पुन्हा लिहायला हवीत. माइक एकच असेल तर तो मधे उभा करा, कारण हातातून हातात देताना पहिला शब्द हरवतो. बोलताना दोघींचं तोंड रांगांकडे असू द्या.

शेवटी तात्पर्य वाचू नका. ‘तुम्ही असता तर काय केलं असतं?’ एवढं विचारा आणि दोन मुलांना उत्तर देऊ द्या.