वहीतलं बीपी

दवाखान्यात बीपी १५८/८८ निघालं की डॉक्टर विचारतात, "घरी किती असतं?" त्यावर बहुतेक आजी-आजोबांचं उत्तर एकच: "बरं असतं की!" तेवढ्यावर गोळी वाढवायची का, हे कोणालाच ठरवता येत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर अनेकांचं बीपी चढतं, आणि घरातला आकडा कागदावर नसेल तर तो कोणाला नेमका आठवतही नाही. म्हणून वही लागते.

वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडी एवढे रकाने पुरतात. शेवटी शेऱ्यासाठी मात्र रुंद जागा ठेवावी. 'रात्री झोप नाही', 'गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतली', 'सकाळची गोळी राहिली' अशा नोंदी तिथे हव्यात. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं, आणि शेरा नसेल तर वाढलेल्या आकड्याचं कारण सापडत नाही.

मोजायचं सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि पुन्हा संध्याकाळी. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. मग पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं शांत बसावं. पाय जमिनीवर टेकलेले, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिचाच फास दंडाला बसला तर आकडा बिघडतो, त्यापेक्षा सैल बाहीचा गाऊन बरा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर मशीन खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. मोजताना बोलायचं नाही, फोनही घ्यायचा नाही.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहायचे. इथे बरेच जण चुकतात. १४७ आला की १४५ लिहिला जातो, किंवा 'चांगला' आकडा येईपर्यंत मोजणं चालूच राहतं. अशी सजवलेली वही डॉक्टरांच्या उपयोगाची नसते.

उदाहरणादाखल दोन गोळ्या चालू असलेल्या ७४ वर्षांच्या एका आजींची वही पाहू. दवाखान्यात १५८/८८ आल्यावर त्यांना सात दिवस मोजायला सांगितलं. पहिल्या सकाळचे आकडे १५२/८४ आणि १४६/८२. पहिल्या दिवशी मशीनची धास्ती असते, म्हणून तो दिवस हिशेबात धरत नाहीत. उरलेल्या सहा दिवसांच्या चोवीस आकड्यांची सरासरी आली १२८/७४. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेली समजतात, म्हणजे आजींचं बीपी आटोक्यात होतं. पण शेऱ्यात दोनदा लिहिलं होतं, 'अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी.' नर्सताईंनी सांगितल्याप्रमाणे सुनेला जवळ उभं करून त्यांनी बसून आणि मग उभं राहून मोजलं. बसून १२६/७४, उभं राहून एका मिनिटाने १०२/६६. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळवायलाच हवं, कारण म्हातारपणी पडून हाड मोडण्याचं हे एक मोठं कारण आहे. दवाखान्यातल्या एका आकड्यावर या आजींची गोळी वाढली असती. वही पाहून डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

दवाखान्यात फोन कधी करायचा, ते वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, तर आधी पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजावं. तरीही तेवढाच असेल आणि काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी फोन करावा. घाबरून जास्तीची गोळी घेऊ नये. एकदम बीपी उतरवणंही धोक्याचं असतं. वरचा आकडा १०० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, मशीनवर नाडी अनियमित असल्याची खूण वारंवार दिसत असेल, किंवा उलट्या-जुलाब लागलेले असताना बीपीच्या गोळ्या चालू असतील, तरीही त्याच दिवशी फोन करावा. आठवडाभराची सरासरी थोडी वर गेली असेल तर दोन-चार दिवसांत कळवलं तरी चालतं. एखादाच १५० आला म्हणून धावपळ करण्याचं कारण नाही.

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं, बेशुद्धी, यांपैकी काहीही झालं तर आकडा कितीही असो, दवाखान्याच्या फोनची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

फोन करताना वही आणि गोळ्यांची पाकिटं हाताशी असावीत. वय, शेवटचे दोन-तीन आकडे आणि त्यांची वेळ, काय होतंय, आज कोणती गोळी कधी घेतली, एवढं सांगितलं की पलीकडच्या माणसाला पुढचं ठरवता येतं. पुढच्या तपासणीला जाताना वहीसोबत मशीनही न्यावं. दवाखान्यातल्या मशीनशी आकडा जुळतो का, ते तिथेच पाहून घेता येतं.