जेवणाच्या सुट्टीनंतर अडणारा डेटाबेस

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर सकाळभर रांग असते आणि संगणक मुकाट चालत असतो. दुपारी गर्दी ओसरते, वीसेक मिनिटं कोणीच फिरकत नाही. मग एक रुग्ण येतो, कारकून त्याचं नाव टाकतो आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं. तीस सेकंदांनी चूक येते. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर सगळं पूर्ववत. डेटाबेस सांभाळणारा तपासतो, तर त्याच्या सर्व्हरवर त्या वेळी भार जवळजवळ शून्य. गर्दीत न अडणारी गोष्ट शांततेत अडते, म्हणजे संशयाची सुई डेटाबेसवरून काढून मधल्या वाटेवर न्यायला हवी.

प्रोग्रॅम दरवेळी डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडत नाही. जोडणी, ओळख, पासवर्ड यांत वेळ जातो, म्हणून समजा दहा कनेक्शन आधीच जोडून ठेवली जातात आणि लागेल तशी वापरून परत ठेवली जातात. या साठ्याला पूल म्हणतात. गंमत अशी की टीसीपीचं कनेक्शन ही तारेतून सतत वाहणारी गोष्ट नाही. दोन्ही टोकांच्या मेमरीत ‘आपण जोडलेले आहोत’ अशी नोंद असते, इतकंच. बोलायला काही नसेल तर एकही पॅकेट जात नाही.

मध्ये फायरवॉल असते. तिच्याकडेही चालू कनेक्शनांची यादी असते. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आत गेलेल्या पाहुण्याचं नाव वहीत ठेवतो आणि फार वेळ हालचाल दिसली नाही तर खोडून टाकतो, तसंच. त्यात तिची चूक नाही. लॅपटॉप मिटले जातात, वीज जाते, कित्येक कनेक्शन निरोप न घेता संपतात. सगळी कायम जपली तर यादी भरून जाईल. अडचण खोडण्यात नाही, न सांगता खोडण्यात आहे. नोंद पुसली गेल्याचं दोन्ही टोकांना कळत नाही. नंतर त्या कनेक्शनवरून पॅकेट आलं की बहुतेक फायरवॉल ते गुपचूप टाकून देतात. पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो.

किती वेळाने खोडायचं, हे जागोजागी वेगळं. सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये मुळात एक तास असतो, अ‍ॅमेझॉनच्या नॅट गेटवेत 350 सेकंद, मायक्रोसॉफ्ट अझ्युरच्या लोड बॅलन्सरमध्ये चार मिनिटं. उलट कनेक्शन जिवंत आहे का, हे विचारणारं छोटं पॅकेट, म्हणजे कीपअलाइव्ह, लिनक्स मुळात दोन तासांनी पाठवतं, तेही प्रोग्रॅमने मागितलं तरच. हे दोन तास 1989 च्या आरएफसी 1122 या इंटरनेट मानकातून आले. नॅट उपकरणांनी शांत टीसीपी कनेक्शन किमान 2 तास 4 मिनिटं सांभाळावं, असं 2008 चं आरएफसी 5382 सांगतं. वर दिलेले तिन्ही आकडे त्याहून कितीतरी कमी आहेत. सगळा घोळ या दरीत आहे.

आता आपल्या रुग्णालयाचं उदाहरण आकड्यांनी पाहू. प्रोग्रॅम जावातला, पूल हिकारी, डेटाबेस पोस्टग्रेस, आणि फायरवॉलचा नियम 15 मिनिटांचा. हिकारी प्रत्येक कनेक्शन साधारण 30 मिनिटांनी मोडून नवं करतो. हे वय जन्मापासून मोजलं जातं, शेवटच्या वापरापासून नाही. समजा पूल एक वाजता ताजा झाला आणि शेवटचं काम 1.05 ला झालं. कारकून 1.25 ला आला तर कनेक्शन 20 मिनिटं गप्प होती, म्हणजे मेलेली. तोच 1.40 ला आला तर सगळं ठीक, कारण दीडला नवी कनेक्शन जोडली गेली. 1.50 ला आला तर पुन्हा अडणार, दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा चालणार. जास्त वेळ थांबल्यावर चालतं आणि कमी वेळ थांबल्यावर बिघडतं! अशा तक्रारीवर कोण विश्वास ठेवणार? ‘कधी कधी होतं’ या शेऱ्यामागे बऱ्याचदा असंच घड्याळ असतं.

तीस सेकंदांचा हिशोबही यातच आहे. कनेक्शन हातात देण्याआधी हिकारी ते तपासतो आणि उत्तराची पाच सेकंद वाट बघतो. मेलेलं निघालं की फेकून दुसरं घेतो. ओळीने सहा मेलेली निघाली की तीस सेकंद संपतात आणि लॉगमध्ये हे उमटतं:

```
Connection is not available, request timed out after 30000ms
```

हे वाचून पूल लहान पडला असं वाटतं आणि कोणीतरी दहाची वीस कनेक्शन करतं. मी म्हणेन, हा सर्वांत वाईट उपाय. मेलेल्यांची संख्या वाढते, आणि पलीकडे आणखी एक गोष्ट घडते. प्रोग्रॅमने जुनं कनेक्शन मोडताना पाठवलेला निरोपही फायरवॉलमध्येच अडतो, त्यामुळे पोस्टग्रेस ते उघडंच धरतं. दोन तास आणि वर अकराएक मिनिटांनी त्याचे कीपअलाइव्ह अनुत्तरित राहिले की मगच ते सोडतं. शांत रात्री दर अर्ध्या तासाला दहा नवी जोडली जात असतील, तर पोस्टग्रेसवर एका सर्व्हरची चाळीस ते पन्नास दिसतात. असे दोन सर्व्हर असले की पोस्टग्रेसची मूळची शंभरची मर्यादा टेकते. `pg_stat_activity` मध्ये एकाच पत्त्यावरून पूलच्या कित्येक पट `idle` कनेक्शन दिसली, तर हा ठसा ओळखावा.

खात्री करायला दोन्ही सर्व्हरवर एकाच वेळी पॅकेट बघावीत:

```
tcpdump -nn -i any port 5432
```

प्रोग्रॅमच्या बाजूला तेच पॅकेट पुन्हा पुन्हा, वाढत्या अंतराने जाताना दिसलं आणि डेटाबेसच्या बाजूला काहीच पोचलं नाही, तर पुरावा मिळाला. डेटाबेसनेच कनेक्शन तोडलं असेल तर लक्षण वेगळं असतं: चूक लटकत नाही, तत्काळ येते. काही फायरवॉल नकार कळवतात, तेव्हाही चूक तत्काळच येते. म्हणून डेटाबेसचा लॉगही पाहावा.

उपाय म्हणजे नियमाच्या वेळेपेक्षा बरंच आधी काहीतरी बोलत राहणं. हिकारीत `keepaliveTime` ही सोय आहे, पण जुन्या आवृत्त्यांत ती मुळात बंद असते. स्प्रिंग बूटमध्ये पाच मिनिटं अशी देता येतात:

```
spring.datasource.hikari.keepalive-time=300000
```

पण हा निरोप फक्त पूलमध्ये रिकाम्या बसलेल्या कनेक्शनवर जातो. महिनाअखेरचा अहवाल चाळीस मिनिटं चालत असेल तर ते कनेक्शन कामात असतं, तरी तारेवर शांतताच असते, आणि उत्तर परत येईपर्यंत वाट बंद झालेली असते. त्यासाठी पोस्टग्रेसच्या बाजूला ही ओळ लागते:

```
tcp_keepalives_idle = 300
```

याने भुतंही लवकर साफ होतात. या दोन ओळी झाल्या की फायरवॉलची वेळ वाढवून मागायची गरज सहसा उरत नाही, आणि मागूही नये. मधलं उपकरण बदललं की तो आकडा पुन्हा बदलतो. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना मात्र एवढं जरूर विचारा: या नियमावर टीसीपीचा आयडल टाइमआउट नेमका किती सेकंदांचा आहे? तुमचा कीपअलाइव्ह त्याच्या निम्म्याहून कमी ठेवा.