बल्ब बदलून भागत नाही तेव्हा

महिन्याभरात हेडलाइटचा दुसरा बल्ब उडाला की आपण बल्बच्या कंपनीला बोल लावतो आणि आणखी महाग बल्ब आणतो. तोही जातो. त्याच सुमारास सीटखालची बॅटरी हाताला चांगलीच गरम लागते, तिच्या बाजू किंचित फुगलेल्या दिसतात. या दोन तक्रारी एकत्र आल्या, तर दुकानात जाण्याआधी चार्जिंगचा व्होल्टेज मोजून घ्यावा.

इंजिनच्या एका बाजूच्या कव्हरखाली मॅग्नेट आणि कॉइलची प्लेट असते. तिथे एसी वीज तयार होते आणि इंजिनची रेस वाढेल तसा तिचा व्होल्टेजही वाढत जातो. तिची डीसी करणं आणि बॅटरीपाशी ती साधारण 14 ते 14.5 व्होल्टच्या पुढे जाऊ न देणं, ही दोन्ही कामं एकच डबी करते. ॲल्युमिनियमच्या पंखांची ही डबी म्हणजे रेग्युलेटर रेक्टिफायर. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘आरआर’ म्हणतात. तिचा लगाम सुटला की जादा व्होल्टेज बॅटरीत आणि बल्बमध्ये जातो. बॅटरीच्या ॲसिडमधल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघू लागतो, म्हणूनच ‘बॅटरी उकळते’ असं म्हणतात. सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत भरता येत नाही, त्यामुळे तिचं नुकसान कायमचं होतं.

बल्बचं गणित याहून कडक आहे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढला तरी हॅलोजन बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. 14.2 च्या जागी सतत 16.4 व्होल्ट मिळाले, तर ते साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतं. एप्रिल 2017 पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच असतो, त्यामुळे हा मार दिवसाही बसतो.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. तो डीसी 20 व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं मायनसला लावायचं. रोग जडलेल्या गाडीचं नेहमीचं चित्र असं असतं: इंजिन बंद असताना 12.5, मंद चालीवर 14.1, थोडी रेस दिल्यावर 15.3 आणि साडेचार हजार फेऱ्यांवर 16.4. मंद चालीवरचा आकडा अगदी निरोगी दिसतो, आणि घाईचा मेकॅनिक नेमका तिथेच फसतो. निरोगी गाडीत रेस कितीही दिली तरी आकडा साडेचौदाच्या आसपास अडतो. तो 15 ओलांडून चढतच राहिला, तर लगाम सुटला आहे.

मात्र लगेच आरआर विकत घेऊ नका. काही गाड्यांत किल्लीमार्गे येणारी एक बारीक वायर आरआरला बॅटरीचा व्होल्टेज कळवते. तिचा कपलर पाण्याने हिरवा पडला, तर बॅटरीत 15.8 असताना आरआरला 14.4 च दिसतात आणि ती बिचारी आणखी जोर लावते. इंजिन चालू असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं कपलरमध्ये त्या वायरला टेकवा. फरक पाव व्होल्टच्या आत असेल तर वायर ठीक आहे, दोष आरआरचाच. एक-दीड व्होल्ट दिसला तर आधी कपलर आणि किल्लीचे काँटॅक्ट साफ करा. नव्या आरआरचे पैसे वाचतील.

लक्षणांची जोडी फुटली तर वाट वेगळी. बॅटरी तापते, पण व्होल्टेज ठीक आहे आणि बल्ब टिकतात, तर बहुधा बॅटरीचाच एखादा सेल शॉर्ट आहे. बॅटरी थंड आहे आणि बल्ब उडतात, तर होल्डर, थरथर किंवा काचेला लागलेलं बोटाचं तेल पाहा. जुन्या लहान गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो. रेसबरोबर उजेड कमी-जास्त होतो ती अशी गाडी. तिथे बॅटरीवरचा आकडा बल्बबद्दल काहीच सांगत नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघण्याची’ जुनी रीत मात्र पूर्ण सोडून द्यावी. बॅटरी व्होल्टेजचे झटके पचवते. ती बाजूला झाली की ते बल्बवर आणि इंजेक्शनच्या गाडीत थेट ईसीयूवर जातात. आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर गाडी बंद करून थंड होऊ द्या, जवळ काडी पेटवू नका.

नवी आरआर चिखल न साचणाऱ्या, वारा लागणाऱ्या जागी घट्ट बसवावी, कारण ती मरते ती बहुतेकदा उष्णतेनेच. बसवल्यावर त्याच रेसवर पुन्हा मोजा. आकडा 14.3 वर स्थिर राहिला तरच नवा बल्ब लावा. फुगलेली बॅटरी मात्र बदलावीच लागते.