फोटोतली विषयपत्रिका उतरवताना

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस किमान १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सूचना फलकावर लागलेल्या त्या नोटिशीचा कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतो, तो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि इतिवृत्ताची तयारी म्हणून त्यातला मजकूर टाइप करून घ्यायची वेळ येते. फोटोतली अक्षरे ओळखणारे ॲप मजकूर बऱ्यापैकी काढून देते. घोळ होतो तो विषयांच्या क्रमांकांचा आणि पोटविषयांच्या पातळ्यांचा. ‘विषय क्र. ६ (ब)’ असे इतिवृत्तात लिहिले जाते, त्यावर ठराव होतो आणि वर्षभराने कुणी तक्रार केली तर तोच क्रमांक काढून पाहिला जातो. तो उतरवताना हलला, तर ठराव एका विषयाचा आणि क्रमांक दुसऱ्याचा होऊन बसतो.

पोटविषय ओळखायला डोळा सहसा डाव्या बाजूची मोकळी जागा पाहतो. जो मजकूर जास्त आत, तो खालच्या पातळीचा. छापील कागदावर हे चालते, फोटोत मात्र याच खुणेवर सर्वांत कमी भरवसा ठेवता येतो. वर्डमध्ये यादीची एक पातळी साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपास आत सरकते. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर असते. फोटो काढताना कागद फक्त २ अंशांनी तिरका राहिला, तर २५० मिलिमीटर खाली येईपर्यंत डावा समास जवळपास ९ मिलिमीटरने सरकतो. म्हणजे पानाच्या तळाशी असलेला मुख्य विषय वरच्या पोटविषयापेक्षाही आत दिसू शकतो. बांधीव अभ्यासक्रम-पुस्तिकेच्या फोटोत तर शिवणीकडे पान वळलेले असते आणि समास सरळ रेषेत राहतच नाही.

कागद सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून, चारही कोपरे चौकटीत घेतले, तर स्कॅन करणारे ॲप कोपऱ्यांवरून पान सरळ करून देते. बराचसा तिरकेपणा तिथेच जातो. तरीही मूळ कागद टाइप करणाऱ्याने टॅब न वापरता स्पेसबारने जागा सोडलेली असेल, तर सरळ केलेल्या फोटोतही समास वेडेवाकडेच राहतात. म्हणून पातळी ठरवताना आधी क्रमांकाची जात पाहावी, मग क्रम, आणि मोकळी जागा सर्वांत शेवटी; तीही शेजारच्या दोन-तीन ओळींशी ताडून, पानाच्या कडेपासून मोजून नव्हे.

एका नोटिशीतला नमुनेदार तुकडा घेऊ. ॲपने समास काढून टाकून तो असा दिला आहे:

```
६) इमारत दुरुस्तीच्या कामांना मंजुरी देणे
अ) गच्चीचे वॉटरप्रूफिंग
ब) लिफ्टची दुरुस्ती
क) पाण्याच्या टाक्यांची सफाई व त्यासाठी
आलेल्या दरपत्रकांचा विचार करणे
क) वरच्या टाक्या
ख) जमिनीखालची टाकी
इ) रंगकाम
७) वकिलांची नेमणूक करणे
```

पहिल्या तीन ओळींत अडचण नाही. ६ हा अंक, त्याखाली अ आणि ब. अ नंतर ब आला, म्हणजे ही मालिका अ, ब, क, ड अशी आहे. आ आला असता तर ती अ, आ, इ, ई अशी धरावी लागली असती. नुसत्या पहिल्या अक्षरावरून मराठी मालिका ठरत नाही, दुसरे अक्षर पाहावेच लागते.

‘आलेल्या दरपत्रकांचा विचार करणे’ या ओळीला क्रमांक नाही. फोटोत ती वरच्या ओळीपेक्षा आत दिसते, त्यामुळे तिला वेगळा पोटविषय समजण्याची चूक सहज होते. खरे काय ते वरच्या ओळीच्या उजव्या टोकावरून कळते. ती ओळ समासापर्यंत भरलेली आहे आणि ‘त्यासाठी’वर अर्धवट थांबते, म्हणजे पुढची ओळ तिचाच उरलेला भाग. दोन्ही जोडून एकच नोंद करायची.

आता दुसरा ‘क’. अ, ब, क या मालिकेत क येऊन गेला आहे आणि एकच अक्षर लागोपाठ दोनदा येणार नाही. शिवाय पुढच्याच ओळीला ‘ख’ आहे. अ, ब, क, ड या मालिकेत ख नसतोच. म्हणजे इथून क, ख, ग अशी नवी, आतली मालिका सुरू झाली आणि टाक्यांच्या विषयाखाली तिसरी पातळी तयार झाली. पहिला ‘क’ नसता, आणि ‘ब’नंतर एकच ‘क’ असता, तर तो बाहेरचा की आतला हे ‘ड’ येतो की ‘ख’ यावरून, म्हणजे एक ओळ पुढे पाहूनच ठरले असते.

सर्वांत फसवी ओळ ‘इ) रंगकाम’ ही आहे. आतल्या मालिकेत ख नंतर ग हवा, बाहेरच्या मालिकेत क नंतर ड हवा. इ कुठेच बसत नाही. ‘इ’ आणि ‘ड’ यांची वळणे सारखी असल्याने पुसट फोटोत ॲप त्यांची गल्लत करते. फोटो मोठा करून पाहिला की ‘ड’ स्पष्ट दिसतो. त्याच क्षणी आतली यादी संपते आणि रंगकाम पुन्हा दुसऱ्या पातळीवर येते. ‘२’चा ‘र’ आणि ‘३’चा ‘उ’ होणे हीही याच जातीची चूक, आणि तीही क्रम तुटल्यावरच ध्यानात येते. गोल टिंबांच्या यादीत मात्र हा आधार मिळत नाही. टिंबाला पुढचा-मागचा क्रम नसतो, त्यामुळे भरीव टिंब, पोकळ टिंब, चौकोन यांतला फरकच पाहावा लागतो, आणि सगळी टिंबे सारखी असतील तर शेजारच्या ओळींचा समास.

एवढे जमवून मजकूर वर्डमध्ये टाकला की वेगळाच धोका उभा राहतो. वर्ड आपणहून यादी ओळखतो आणि क्रमांक स्वतःच देऊ लागतो. फोटो नोटिशीच्या दुसऱ्या पानाचा असेल आणि यादी ६ पासून सुरू होत असेल, तर जोडणी चुकल्यास ती १ पासून सुरू होते. मूळ नोटिशीत ८ गाळून ७ नंतर ९ आला असेल, तर वर्ड निमूटपणे ८ लावतो आणि पुढचे सगळे विषय एकाने वर चढतात. अशा वेळी मजकूर `Keep Text Only` ने चिकटवून आपोआप क्रमांक देण्याची सोय बंद करावी आणि क्रमांक साध्या अक्षरांसारखे हाताने लिहावेत. यादीच हवी असेल, तर क्रमांकावर उजवी क्लिक करून `Set Numbering Value` मधून मूळ अंक द्यावा. वर्डच्या तयार पर्यायांत क, ख, ग सापडते. अ, ब, क, ड मात्र हाताने लिहावे लागते.

गाळलेला ८ दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. सभासदांच्या हाती गेलेल्या नोटिशीत तो नाही, तर उतरवलेल्या प्रतीतही नसावा. शेजारी कंसात ‘मूळ नोटिशीत ८ नाही’ एवढे लिहिले की पुरे. दोनदा आलेला ५ सुद्धा तसाच ठेवावा.

तपासणीसाठी मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा नुसते क्रमांक वरून खाली वाचणे जास्त उपयोगी पडते: ६, अ, ब, क, क, ख, ड, ७. फोटोतही फक्त डावी कड धरून तसेच वाचावे. दोन्हीकडे एकच ओळख लागली आणि शेवटचा, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांचा क्रमांक जुळला, तर मधला एखादा विषय गळण्याची शक्यता फारच थोडी उरते. मात्र फोटोत डावी कड कापली गेली असेल, किंवा कुणाचा अंगठा क्रमांकांवर आला असेल, तर अंदाजाने पातळी लावू नये. फलकाजवळ जाऊन दुसरा फोटो काढावा, नाहीतर सचिवांकडून नोटिशीची मूळ प्रत मागून घ्यावी.