पावसाळा धरून ठरवलेली फी

क्रिकेट अकादमी काढणारे बहुतेक जण फी ठरवताना महिन्याचा खर्च भागिले मुलांची संख्या एवढंच गणित करतात. जून उजाडला की ते कोलमडतं.

एखाद्या मध्यम शहरातली 60 मुलांची अकादमी धरू. संध्याकाळचे दोन तास मैदान भाड्याने घेतलं, त्याचे महिना 20 हजार. मुख्य प्रशिक्षक 25 हजार, दोन साहाय्यक मिळून 20 हजार. खेळपट्टीवर पाणी मारणं, रोलर फिरवणं, जाळ्या बांधणं हे करणारा माणूस 6 हजार. उरलेले 9 हजार चेंडू, प्रथमोपचार आणि किरकोळ खर्चाला. झाले 80 हजार. जाळ्या, मॅट, पॅड, हेल्मेट यांना सुरुवातीला दीड लाख लागले आणि ते तीन वर्षं टिकले, तर वर्षाचे आणखी 50 हजार. एकूण 10 लाख 10 हजार. बाराही महिने साठही मुलांनी 1,400 रुपये दिले, तर हा खर्च जवळपास निघतो.

पण तसं होत नाही. जुलै ते सप्टेंबर मैदान चिखलात असतं आणि निम्मीच मुलं येतात. मार्चमध्ये परीक्षांमुळे चाळीसच. शिवाय दर दहांत एखादं होतकरू मूल असतं, ज्याच्या घरची फी भरण्याची ऐपत नसते, आणि त्याला घ्यायलाच हवं. हे सगळं वजा केलं तर वर्षभरात 720 ऐवजी साधारण 550 मासिक फीच हाती येतात. म्हणजे खरी फी 1,850 च्या घरात जाते. 1,400 वर अडून राहिलं, तर वर्षाला सुमारे 2 लाख 40 हजारांची तूट येते.

ही तूट मग मुलं वाढवून भरली जाते, आणि तिथेच प्रशिक्षण बिघडतं. एका मुलाला फलंदाजीला दहा मिनिटं दिली, तर तीन नेट्सवर दोन तासांत 36 जणांचीच पाळी येते. साठ मुलं दिवसाआड आली, तर रोज तीस जण होतात आणि ते नीट बसतं. ऐंशी झाली की रोज चार मुलं पॅड बांधून ताटकळतात आणि बॅट न धरताच घरी जातात. पालकांनी फी विचारण्याआधी एक संध्याकाळ कडेला उभं राहून हे पाहावं.

प्रशिक्षकाचं मानधन पावसाळ्यात कापणं मला मुळीच पटत नाही. चांगला माणूस ऑक्टोबरात परत येत नाही. भाड्याची बोलणी मात्र जरूर करावीत. चिखलाच्या तीन महिन्यांचं भाडं करारातूनच वगळून घेतलं, तर 60 हजार वाचतात आणि फी 1,730 च्या आसपास येते. त्या दिवसांत शाळेच्या सभागृहात व्यायाम, झेल आणि टेनिस बॉलवर फटक्यांचा सराव चालतो. सभागृहाला भाडं पडलं, तर तेवढी बचत कमी धरायची. फी मात्र जूनमध्येच तीन महिन्यांची एकदम घ्यावी, म्हणजे पहिल्या सरीबरोबर गळती लागत नाही.